भूपातलं भजन आणि अक्षरावरची कॉर्ड

(पुण्यात कोथरूडच्या एका भजनी मंडळाच्या वर्गात, पेटीवर साथ करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेत पेट्या दिसतायत, मागे टाळ दिसतायत, म्हणजे शेवटी वाजवून बघायची सोय आहे. कॉर्ड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तीन स्वर एकदम दाबले की कॉर्ड, एवढ्यावर आज पुढे जाऊ. मला बोलायचंय ते कागदाबद्दल. भजनाचे शब्द लिहिलेले असतात आणि त्यांच्या डोक्यावर C, G, Am अशी अक्षरं असतात, तो कागद. आजकाल प्रत्येक मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर असे कागद फिरतात. त्यातले बरेचसे वाजवायला घेतले की गाणाऱ्यांना अडखळायला होतं. दोष पेटीवाल्याला दिला जातो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा कागदाचा असतो, आणि तोही दोनच जागी: कॉर्ड कुठली निवडली आणि ती कुठल्या अक्षरावर ठेवली.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. या दोन ओळी मी आजच्यासाठी जुळवल्यात, काव्य म्हणून त्यांच्याकडे बघू नका:

पंढरीच्या राया, ये आता घरी
वाट तुझी पाहे, उभी मी दारी

चाल भूपात आहे, ठेका केरव्याचा, आठ मात्रांचा. ‘पंढ’ ही दोन अक्षरं सातव्या-आठव्या मात्रेवर येतात आणि सम ‘री’वर पडते. सगळी चाल अशी:

```
मात्रा  7  8 | 1  2  3   4  5  6  7  8 | 1  2  3  4  5  6
शब्द    पं ढ | री -  च्या -  रा या ये आ | ता -  घ  -  री -
स्वर    सा रे| ग  -  ग   -  प  ग  प  प | ध  -  ध  -  प  -

शब्द    वा ट | तु -  झी  -  पा हे उ  भी | मी -  दा -  री -
स्वर    प  ध | सां - ध   -  प  ग  ग  प | रे -  रे -  सा -
```

आता कॉर्ड निवडू. गटावर फिरणाऱ्या कागदांवर अशा चालीला हमखास C, F, G असते. सा धरून C, म धरून F, प धरून G. गिटार शिकलेल्या मुलांच्या हाताला या तीन कॉर्ड आधी बसतात, म्हणून त्या कागदावर येतात. पण आपण भूपात आहोत. सा रे ग प ध, एवढेच स्वर. म आणि नि वर्ज्य. F मध्ये म, ध, सा आहेत. G मध्ये प, नि, रे आहेत. म्हणजे या दोन्ही कॉर्डमध्ये रागात नसलेला एकेक स्वर पेटी मोठ्यानं वाजवणार.

त्यानं काय होतं, ते मंडळात ऐकायला मिळतं. ‘ता’वर ध आहे म्हणून कागदवाल्यानं तिथे F लिहिली. ‘घरी’ म्हणताना चाल धवरून पवर आली तरी पेटीचा म कानात राहतो, आणि पुढच्या वेळी ‘राया’ला पवरून गवर उतरताना चार-पाच जणी मधे म या स्वराला टेकून येतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, पेटीनं सांगितलेलं असतं. ‘मी दारी’ला G वाजली की तसंच नीचं होतं: रेवरून सावर येताना काही आवाज खालच्या नीला शिवून येतात. भजन भूपासारखं न राहता कुठल्यातरी सिनेमातल्या आरतीसारखं ऐकू येऊ लागतं. संगीतकार स्टुडिओत मुद्दाम असे परके स्वर घालतात आणि ते सुंदरही लागतात, मी त्याच्या विरोधात नाही. पण तिथे गाणारा एकटा आणि पक्का असतो. इथे पंचवीस जणी पेटीकडे कान लावून गातात.

मग भूपात उरतं काय? या पाच स्वरांतून पूर्ण तीन स्वरांच्या, मेजर किंवा मायनर अशा, दोनच कॉर्ड बनतात. सा ग प, म्हणजे C. आणि ध सा ग, म्हणजे Am. कागदावर करून बघा, तिसरी बनत नाही. आणि योगायोग बघा, भूपाचा वादी ग या दोन्हींत आहे, संवादी ध दुसरीत आहे. ‘मी दा’ला चाल रेवर थांबते, तिथे मात्र या दोन्ही चालत नाहीत. तिथे प आणि रे एवढे दोनच स्वर वाजवायचे. गिटारवाले याला G5 लिहितात; तो आकडा म्हणजे मधला स्वर गाळलेली G, फक्त षड्ज आणि पंचमाच्या नात्यातली जोडी. आपल्याला गाळायचा होता तो मधला स्वरच नि होता, तेव्हा आपलं काम झालं.

हातालाही हे सोपं आहे. सा ग प धरलंत की Am साठी फक्त पवरचं बोट धवर सरकवायचं, सा आणि ग जागेवर. G5 साठी प जागेवर, सावरचं बोट रेवर, ग सोडून द्यायचा. हात कुठे उडत नाही, त्यामुळे भात्याची लयही तुटत नाही. एक लक्षात ठेवा, साचा ड्रोन बंद ठेवा. C आणि Am मध्ये सा असतोच, पण G5 मध्ये तो घुसला की ती कॉर्ड लटकल्यासारखी वाटते आणि ‘दा’वर येणारा विसावा येत नाही. कपलरही बंद. खालचं सप्तक कॉर्डबरोबर वाजलं की नुसता घोंगाट होतो.

आता जागेचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. कागद लिहिणारे कॉर्डचं नाव शब्दाच्या सुरुवातीला ठेवतात. दिसायला नीट दिसतं. पण मात्रा शब्द बघत नाही. ‘आता’ हा शब्द बघा. ‘आ’ आठव्या मात्रेवर आहे, ‘ता’ समेवर. कुणी Am ‘आता’च्या डोक्यावर, म्हणजे ‘आ’वर लिहिली, की वाजवणारा एक मात्रा आधी ध धरणार. त्या मात्रेत सगळ्या जणी प गातायत. प आणि ध शेजारशेजारचे स्वर, ते एकत्र वाजले की खरखर ऐकू येते. गिटारची तार लगेच विझते, त्यामुळे तिथे अशी चूक झाकली जाते. पेटी भाता चालू आहे तोवर त्याच जोरानं वाजत राहते. एका मात्रेची चूक पेटीवर पूर्ण एक मात्रा ऐकू येते.

म्हणून नाव अक्षरावर, आणि अक्षर निवडायचं ठेक्यावरून. आपल्या ओळींत कॉर्ड लागते ती अशी: ‘री’ला C, ‘ता’ला Am, ‘घरी’तल्या ‘री’ला पुन्हा C. दुसऱ्या ओळीत ‘तु’ला Am, कारण सां आणि ध दोन्ही तिच्यात आहेत, ‘पा’ला C, ‘मी’ला G5, शेवटच्या ‘री’ला C. ‘पंढ’वर आणि ‘वाट’वर काही लिहायचं नाही. पहिल्यांदा ‘पंढ’ला नुसती चाल वाजवा, कॉर्ड समेवर येऊ दे.

तपासायची युक्ती सोपी आहे. पेटी बाजूला ठेवा, ओळ म्हणा आणि समेला टाळी द्या, पाचव्या मात्रेला ठेक्यातली खाली दाखवतो तसा हात उघडा. वरच्या सातही जागा टाळीच्या किंवा खालीच्या मात्रेवर पडतात. एखादी कॉर्ड दोन्हींच्या अधेमधे पडत असेल तर नव्वद टक्के वेळा ती चुकीच्या अक्षरावर लिहिलेली असते. उरलेल्या दहांत चालच तशी असते, ते मान्य.

(इथे श्रोत्यांनी दोन्ही ओळी टाळी देत म्हटल्या.)

आता हे कागदावर उतरवायचं कसं? वरच्या ओळीत कॉर्ड, खालच्या ओळीत शब्द, मधे स्पेस मारून जागा जुळवायची, ही पद्धत देवनागरीत टिकत नाही. आपलं ‘च्या’ रुंद, ‘र’ अरुंद, मात्रा वर-खाली लटकतात. प्रत्येक अक्षर वेगळ्या रुंदीचं. तुमच्या लॅपटॉपवर जुळलेलं पान दुसऱ्याच्या फोनवर उघडलं की Am ‘ता’वरून सरकून ‘घ’वर जाते. ओळ मोठी होऊन तुटली तर मग विचारूच नका. हातानं लिहिणार असाल तर मात्र वर लिहा, काही अडचण नाही. टाइप करणार असाल तर कॉर्ड चौकटी कंसात, अक्षराच्या लगेच आधी, त्याच ओळीत घाला:

```
पंढ[C]रीच्या राया, ये आ[Am]ता घ[C]री
वाट [Am]तुझी [C]पाहे, उभी [G5]मी दा[C]री
```

या लिहिण्याला कॉर्डप्रो म्हणतात. ते वाचणारी अ‍ॅप कंसातलं नाव उचलून त्या अक्षराच्या डोक्यावर ठेवतात, आणि ओळ कुठेही तुटली तरी नाव अक्षराबरोबर जातं. अ‍ॅप नसलं तरी कंसासकट वाचता येतं. मराठीत दोन जागी सांभाळा. एक, ऱ्हस्व इकार. ‘वि’मध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, पण टाइप करताना ती व्यंजनानंतर येते. कर्सर चुकून मधे गेला आणि तिथे कंस पडला तर वेलांटी ‘व’पासून तुटते आणि स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ येतं. दोन, जोडाक्षर. ‘विठ्ठल’मध्ये कॉर्ड ‘ठ्ठ’वर हवी असेल तर असं लिहा:

```
वि[C]ठ्ठल
```

‘ठ्’ आणि ‘ठ’च्या मधे कंस घातलात तर जोडाक्षर फुटतं आणि गाणारी ‘विठ्’वर थांबते.

राहिली पट्टी. हा कागद पांढरी एकमध्ये आहे, आणि तुमचं मंडळ बायकांचं असल्यानं काळी पाचला गातं. स्केल चेंजर पेटी असेल तर कागदाला हात लावू नका. पट्टी सरकवा, बोटं सा ग पच्याच जागी राहतील. वर फक्त ‘पट्टी: काळी पाच’ एवढं लिहा, नाहीतर गणपतीत कुणी कीबोर्डवाला येऊन खराखुरा C धरेल. साधी पेटी असेल, किंवा तो कीबोर्डवाला खरंच येणार असेल, तर दुसरा कागद करा: C च्या जागी Bb, Am च्या जागी Gm, G5 च्या जागी F5. अक्षरांवरच्या जागा त्याच, नावं तेवढी बदलतील. दोन्ही कागद एकाच गटावर टाकू नका. गेल्या खेपेला एका मंडळात दोन पेट्या दोन कागद बघून एकदम सुरू झाल्या होत्या.

चला, टाळ घ्या. पहिल्यांदा ओळ एकट्या म्होरकीनं म्हणायची, तेव्हा पेटीवर फक्त चाल. सगळ्या जणी उचलतील तेव्हा ‘री’पासून कॉर्ड.