कॅमेरा आहेच, मग भेट काय द्यावी?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात माझं फोटो छापून फ्रेम करण्याचं छोटं दुकान आहे. दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली की रोज कुणीतरी येऊन एकच प्रश्न विचारतं. भावाला, नवऱ्याला किंवा मुलीला फोटोग्राफीचं वेड आहे, कॅमेरा घरात आहेच, मग आता द्यायचं काय? लेन्स द्यावी, की बॅग-फिल्टर असं काही बारीकसारीक, की त्यांनीच काढलेला एखादा फोटो छान फ्रेम करून द्यावा?

लेन्सबद्दल आधी बोलते, कारण सगळ्यांच्या मनात तीच असते. महाग दिसते, देताना बरं वाटतं. पण लेन्स गुपचूप आणू नका. कॅमेऱ्याच्या तोंडाशी लेन्स जिथे अडकते त्या कड्याला माउंट म्हणतात, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले तरी माउंट एकच असेल असं नाही. कॅननच्या जुन्या डीएसएलआरची, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची, ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या, बिनआरशाच्या मिररलेसवर चालते. पण नव्या मिररलेसची आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनमध्ये आणखी एक गोम आहे. त्यांच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या अंगात फोकसची मोटर नसते. अशा कॅमेऱ्यावर जुनी एएफ-डी जातीची ५० मिलीमीटर लेन्स लावली तर ती व्यवस्थित बसते, फोटोही निघतो, फक्त फोकस दर वेळी हातानं करावा लागतो. पळणाऱ्या पोराचा फोटो काढायला गेलात की ही उणीव कळते, आणि तोवर दुकानाची परत घ्यायची मुदत उलटलेली असते. लेन्सच द्यायची असेल, तर घरच्यांनी मिळून पैसे जमवा, ज्याला द्यायची त्याला सोबत न्या आणि त्याच्या कॅमेऱ्यावर लावून बघू द्या. चकित करण्याचा आनंद जाईल, पण वस्तू वापरात राहील.

बारीकसारीक वस्तूंमध्ये लोक सगळ्यात जास्त फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची काच, घेतात आणि सगळ्यात जास्त चुकतातही तिथेच. लेन्सवर १८-५५ लिहिलेलं बघून ५५चा फिल्टर आणतात. तो आकडा फिल्टरचा नाही. लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा टोपणाच्या आतल्या बाजूला शून्यावर तिरकी रेघ मारलेलं एक चिन्ह असतं, त्याच्या शेजारचा आकडा फिल्टरचा. कॅननच्या १८-५५ लेन्सला बऱ्याचदा ५८चा फिल्टर लागतो. निकॉनच्या नव्या १८-५५ला नेमका ५५चाच लागतो, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

या गटात मला मनापासून द्यावीशी वाटणारी वस्तू एकच आहे, आणि ती आपल्या हवेसाठी आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत आणि पुण्यातल्या ओलसर घरांतही लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. मागून टॉर्च मारली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. चामड्याच्या केसमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेल्या लेन्सला ती लवकर धरते, कारण चामडं ओल धरून ठेवतं. डब्यातला मीटर ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून सुकवायचे आणि परत वापरायचे. तांदूळ मात्र ठेवू नका, त्याची पावडर सगळीकडे बसते.

आता तिसऱ्या भेटीकडे वळते. माझा कल तिच्याकडेच आहे, आणि कारण साधं आहे. आज फोटो काढणाऱ्यांकडे हजारो फोटो असतात, पण कागदावर छापलेला एकही नसतो. लेन्स तो कधीतरी स्वतः घेईल. स्वतःचा फोटो छापून भिंतीवर लावायला मात्र त्याला संकोच वाटतो. ते काम दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं, आणि ते नीट केलं पाहिजे.

गेल्या वर्षी एक ताई आल्या होत्या. त्यांचा भाऊ दर हिवाळ्यात भिगवणला जातो. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावहून पहाटे होडी सुटते, रोहित पक्षी बघायला. त्यानं काढलेला एक फोटो ताईंच्या मोबाइलवर होता. तीन रोहित पाण्यावर धावत उडायच्या बेतात आहेत, पंखांखालचा गुलाबी रंग आणि काळी पिसं उघडी पडली आहेत, आणि पायांमागे पाण्याच्या तुषारांची एक रांग. भाऊबीजेला हाच १२ बाय १८ इंचात हवा, असं त्यांचं म्हणणं.

मी फाइल बघितली. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेली, लांबीला १६०० पिक्सेल. १६००ला १८ इंचांनी भागलं की इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल येतात. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० असले की उत्तम, २००च्या वर असले तरी चालतं. ८९ला पिसांच्या कडा फुटतात आणि तुषारांचा नुसता धूर होतो. मोबाइलच्या काचेवर हे कळत नाही, कारण तिथे फोटो तीन इंचांचा असतो.

म्हणून ताईंनी भावाच्या मित्राला विश्वासात घेतलं. त्यानं मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवली. तशी पाठवली की ती आकसत नाही. आम्ही मागितली ती भावानं स्वतः संगणकावर रंग-उजेड नीट करून ठेवलेली जेपेग फाइल. कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल, निकॉनमध्ये तिला NEF म्हणतात, मागू नका. तिच्यातून फोटो कसा काढायचा हे फोटोग्राफर स्वतः ठरवतो, छापणाऱ्यानं ते ठरवलं तर तो फोटो त्याचा राहत नाही.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे पूर्ण चित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचं. पण पक्षी लांब होते, म्हणून भावानं आजूबाजूचं कापून ३००० बाय २००० ठेवलं होतं. पक्ष्यांच्या फोटोत हे नेहमीचंच. १८ इंचांवर इंचाला १६७ पिक्सेल येत होते, १२ इंचांवर २५०. मी ताईंना सांगितलं, आपण १२ बाय १८ छापायचा नाही, ८ बाय १२ छापू. त्यांचा चेहरा उतरला. एवढासा फोटो भेट म्हणून कसा द्यायचा?

त्याचं उत्तर माउंटमध्ये आहे. हे लेन्सचं माउंट नव्हे; फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची जी रुंद चौकट असते तिलाही आम्ही फ्रेमवाले माउंट म्हणतो. ८ बाय १२च्या फोटोला चहूबाजूंनी ३ इंच माउंट दिलं की फ्रेम १४ बाय १८ची होते. भिंतीवर ती मोठीच दिसते, आणि फोटोला श्वास घ्यायला जागा मिळते. माउंटचा रंग दुधासारखा पांढराशुभ्र घेतला नाही, कारण त्याच्याशेजारी फोटोच्या कागदाचा पांढरा मळकट दिसतो. किंचित पिवळसर छटेचा घेतला.

माउंटचं दुसरं काम दिसत नाही, पण मोठं आहे. ते काच आणि फोटो यांच्यामध्ये अंतर ठेवतं. मी या धंद्यात नवी होते तेव्हा माझ्या मामांना त्यांनी काढलेला एक फोटो फ्रेम करून दिला होता, काचेला अगदी टेकवून. मामा रत्नागिरीला राहतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फोटोचा पृष्ठभाग काचेला चिकटला. मी सोडवायला गेले तर आकाशाचा एक तुकडा काचेवरच राहिला. निगेटिव्ह हरवली होती, त्यामुळे तो फोटो कायमचा गेला. तेव्हापासून माउंटशिवाय मी काच बसवत नाही.

भिगवणच्या फोटोसाठी आम्ही चकचकीत कागद टाळला. पहाटेचं धुकट गुलाबी पाणी मॅट कागदावर जास्त खरं वाटतं. रात्रीचा, गडद काळ्याचा फोटो असता तर मी उलट सांगितलं असतं, मॅटवर काळा फिका पडतो. आधी त्याच कागदावर ४ बाय ६चा नमुना काढला. पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे पहिला नमुना नेहमी अंधारा वाटतो. हाही वाटला. थोडा उजेड वाढवून दुसरा काढला, तो दिवसा खिडकीपाशी धरून बघितला, आणि मग मोठा छापला.

तुमच्या गावातल्या फ्रेमवाल्याकडे जाल तेव्हा दोन गोष्टी आवर्जून सांगा. पहिली, फोटो पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलनं पूर्ण चिकटवू नका. दमट हवेत कागद फुगतो, सगळीकडून पकडलेला असेल तर त्याला लाटा येतात. वरच्या कडेला कागदी टेपचे दोन तुकडे लावून तो नुसता लटकता ठेवायचा. सेलोटेप नको, ती पिवळी पडून डाग उतरवते. दुसरी, फोटोचा आकार फ्रेमसाठी कापू नका. तयार फ्रेम १२ बाय १५ची स्वस्त मिळते म्हणून १२ बाय १८चा फोटो तीन इंच कापून बसवतात. आमच्या रोहितांसमोर भावानं मुद्दाम मोकळं पाणी ठेवलं होतं, पक्ष्यांना धावायला. नेमकं तेच गेलं असतं, आणि ज्यानं फोटो काढला त्याला ते पहिल्या नजरेत दिसलं असतं.

मागच्या बाजूला खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराची बटणं लावली, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही. आणि मागच्या कागदावर ताईंनी पेन्सिलीनं लिहिलं, ‘उजनी, कुंभारगाव’, आणि खाली फाइलमध्ये नोंदलेली तारीख.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. भावानं फ्रेम खिडकीशी नेली होती आणि मधल्या पक्ष्याच्या बोटांपासून पाण्यापर्यंत लोंबणारी थेंबांची माळ बहिणीला दाखवत होता. वर्षभर हा फोटो त्याच्या संगणकावर होता, पण ते थेंब त्यानं मोजले नव्हते. ते सात होते.

यंदा तुम्हाला असं काही करायचं असेल तर फाइल आत्ताच मिळवायला लागा. दिवाळीच्या आठवड्यात आम्हा फ्रेमवाल्यांकडे नमुना काढायला वेळ उरत नाही. नमस्कार.