रोज रात्रीच्या फोनचं काय करायचं?

‘तुझं ऐकायला मी आहे, पण सगळं माझ्या एकटीवर नको.’ हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी मनातल्या मनात जुळवलं असेल आणि गिळूनही टाकलं असेल. मैत्रीण रडत असते, रात्र झालेली असते, आपले डोळे मिटत असतात. अशा वेळी आपण एकतर गप्प बसतो, नाहीतर तुटकपणे काहीतरी बोलून जातो. म्हणून पहिली गोष्ट ही, की हे बोलणं त्या फोनवर करायचंच नाही.

एक उदाहरण घेऊ. मैत्रीण नवऱ्यापासून वेगळी झाली आहे. रोज रात्री तासभर फोन. त्याचा एकच मेसेज ती पुन्हा पुन्हा वाचून दाखवते आणि विचारते, ‘असं का लिहिलं असेल गं त्याने?’ तुम्हीही तर्क लढवता. फोन ठेवताना दोघींना जवळीक वाटते, पण दुसऱ्या दिवशी प्रश्न तोच. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2002 साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच अडचण दोघांनी मिळून सतत उगाळत बसण्याची सवय जिथे जास्त, तिथे मैत्री घट्ट होती. आणि उदासी, चिंताही जास्त होती. दोन्ही एकाच वेळी. म्हणूनच हे ओळखणं अवघड जातं. खूण एकच पाहा: बोलून झाल्यावर तिला पुढचं काही सुचतं का, की ती आणखी गुंतते?

आता बोलायचं कसं? दिवसाउजेडी, ती जरा बरी असताना, शक्यतो दोघी चालत असताना. नजरेला नजर नसली की अवघड बोलणं सोपं जातं. आणि मोघम बोलू नका. ‘मला जरा स्पेस हवी’ म्हटलं की तिला दार बंद झाल्यासारखंच ऐकू येतं. असं म्हणा: ‘तू मला सांगतेस, ते मला हवंच आहे. पण रोज रात्री मला झेपत नाही. हल्ली मी नुसतं हं हं करते, माझं लक्ष नसतं, आणि ते तुझ्यावर अन्याय करणारं आहे. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सातला मी नक्की तुझी.’ कधी नाही, यापेक्षा कधी आहे हे स्पष्ट हवं. पाळता येईल तेवढंच कबूल करा.

‘समुपदेशकाकडे जा’ हे पहिलं वाक्य नसावं, कारण ते टोलवल्यासारखं लागतं. आधी तिला विचारा, यातलं थोडं आणखी कोणाला सांगता येईल? वकिलाची कागदपत्रं बहीण बघेल. संध्याकाळी फिरायला ऑफिसातली कोणी येईल. मनातला तो फिरून फिरून येणारा प्रश्न मात्र समुपदेशकाकडे नेण्यासारखा आहे. पहिली वेळ ठरवताना तिच्या शेजारी बसा.

ती दुखावेल. ‘तुलाही माझा कंटाळा आला ना?’ असं म्हणेलही. ‘नाही आला, म्हणूनच हे सांगतेय,’ एवढंच म्हणा. सफाई देत बसू नका. शुक्रवारी रात्री फोन येईलच. चार वेळा वाजू दिला आणि पाचव्यांदा उचलला, तर पाच वेळा करावा लागतो एवढंच तिला कळेल. त्यापेक्षा पहिल्याच फोनला मेसेज टाका: ‘आत्ता बोलता येत नाही, रविवारी सातला मी फोन करते. आज काही धोक्याचं असेल तर लगेच कळव.’ आणि रविवारी सातला तुम्हीच करा. लोक नेमकं इथे चुकतात. मर्यादा घालतात आणि सुटल्यासारखे गायब होतात; मग तिची भीती खरी ठरते. एखादा फोन तिच्या दुःखाव्यतिरिक्त कशासाठी तरी करा, तुमचीही एखादी अडचण तिला सांगा. मैत्रीत तीही देणारी असते, हे तिला जाणवू द्या.

या सगळ्याला एक अपवाद आहे. ‘आता जगून काय करायचं’ असं ती म्हणाली, तर वार आणि वेळ विसरा. सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अनेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर हो असेल, तर कसं, कधी हे ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, तेही विचारा. तसं असेल तर तिला एकटं सोडू नका, ते साधन दूर करा आणि हेल्पलाइन किंवा दवाखाना गाठा. ‘कोणाला सांगू नकोस’ हे वचन इथे द्यायचं नाही, आधी दिलं असेल तर मोडायचं. तिच्या आईला, भावाला, ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्याला त्याच रात्री बोलवा. पुढचे काही दिवस तिच्याजवळ कोणी कधी थांबायचं, हे त्यांच्यासोबत बसून ठरवा.