पुडी कोणी विकली? सांगलीतल्या एका मसाल्याचा हिशेब

[दृश्य: सकाळ. सांगलीची गणपती पेठ. दुकानाच्या दारात कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्यांच्या माळा टांगल्या आहेत. दुकानदार एक पुडी तोडून गिऱ्हाइकाच्या हातात देतो.]

निवेदन:

दहा रुपयांची पुडी. घेणाऱ्या ताईंनी काल रात्री मालिकेच्या मध्ये हिची जाहिरात पाहिली असेल, सकाळी पेपरात अर्धं पान पाहिलं असेल, किंवा मोबाइलवर रेसिपीच्या आधी आलेला सहा सेकंदांचा व्हिडिओ. कदाचित यातलं काहीच पाहिलं नसेल. दुकानदार ते विचारत नाही, आणि विचारावं अशी अपेक्षाही नाही.

पण जाहिरातीचे पैसे देणाऱ्याला ते कळायला हवं. दिवाळीनंतर टीव्हीवाले म्हणतात खप आमच्यामुळे वाढला, पेपरवाले म्हणतात आमच्यामुळे, आणि डिजिटलच्या रिपोर्टमध्ये तर विक्रीचा आकडाच छापून येतो. तिघांचे दावे बेरजेला घेतले, तर कंपनीने बनवल्या त्याहून जास्त पुड्या विकल्या गेल्या असं निघतं.

[दृश्य: मिरज रस्त्यावरचं एक छोटं ऑफिस. टेबलावर लॅपटॉप, शेजारी वर्तमानपत्रांचे गठ्ठे.]

कोणत्या जाहिरातीने किती खप झाला याचा हिशेब लावणारं मार्केटिंग मिक्स मॉडेलिंग गिऱ्हाइकाच्या मागे जात नाही. ते आठवड्यांकडे बघतं. दर आठवड्याला किती माल खपला, आणि त्याच आठवड्यात टीव्ही किती चालला, पेपरात किती जागा घेतली, मोबाइलवर जाहिरात किती वेळा दिसली, भाव काय होता, स्कीम होती का, सण होता का. असे तीन वर्षांचे १५६ आठवडे एकाखाली एक मांडले, की काय हललं म्हणजे विक्री हलते, ते शोधता येतं.

आपण उदाहरणादाखल सांगलीतली एक मसाल्याची कंपनी घेतली आहे. तिचे आकडे समजावण्यापुरते आहेत. तिच्या वाट्याला येणारा घोळ मात्र खरा आहे, आणि या कामातला सगळ्यात मोठा तोच आहे.

[दृश्य: स्टॉकिस्टचं गोडाऊन. खोक्यांची थप्पी छताला लागलेली.]

पहिली चूक इथे, गोडाऊनमध्येच होते. दिवाळीच्या तोंडावर स्कीम लागते आणि सेल्समन स्टॉकिस्टच्या गळ्यात दोन महिन्यांचा माल घालतो. कंपनीच्या बिलात विक्री उसळलेली दिसते, पण खोकी इथेच पडून असतात. म्हणून हिशेबाला कंपनीच्या बिलातली, म्हणजे प्रायमरी विक्री घ्यायची नाही. स्टॉकिस्टकडून दुकानात किती गेलं, ती सेकंडरी विक्री घ्यायची. ही नोंद वेळेवर मिळवणं कटकटीचं असतं, पण ती नसेल तर पुढचं सगळं गणित स्कीमचं होतं, जाहिरातीचं नाही.

दुसरी गोष्ट दिवाळीची. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. इंग्रजी कॅलेंडरच्या आठवड्यावर हंगाम बसवला, तर मॉडेल सणाची विक्री जाहिरातीच्या नावावर टाकून मोकळं होतं. सण तिथीने मांडावे लागतात. आणि आपल्याकडे उन्हाळाही मांडावा लागतो. घराघरात मिरच्या वाळतात, डंकावर वर्षाची चटणी कुटून होते, आणि त्या दिवसांत विकतच्या पुडीकडे कमी हात जातात. तेव्हा पडलेला खप जाहिरात फसली म्हणून पडलेला नसतो.

[दृश्य: पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहिलेले आकडे: १००, ६०, ३६, २२.]

आता टीव्ही. वाहिनीवरचा मारा जीआरपीमध्ये मोजतात. १०० जीआरपी म्हणजे ज्यांच्यासाठी जाहिरात आहे, त्यांना सरासरी एकेकदा दिसली इतका मारा. पण आज पाहिलेली जाहिरात रविवारी पुसली जात नाही. समजा दर आठवड्याला तिचा ६० टक्के परिणाम शिल्लक राहतो. मग पहिल्या आठवड्यातले १०० दुसऱ्यात ६० उरतात, तिसऱ्यात ३६, चौथ्यात २२. या उरलेल्या परिणामाला ॲडस्टॉक म्हणतात. सायमन ब्रॉडबेंट यांनी १९७९ मध्ये ही कल्पना मांडली. ही शिल्लक धरली नाही, तर टीव्हीने घडवलेली विक्री पुढच्या आठवड्यात जे काही चालू असेल त्याच्या पदरात पडते. बहुतेक वेळा ते डिजिटल असतं.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर. मालक खुर्ची पुढे ओढतात.]

हे सगळं नीट केलं, मॉडेल चालवलं, आणि उत्तर आलं: पेपरातल्या जाहिरातीमुळे विक्री घटते.

मालक म्हणाले, "अहो, पेपरात जाहिरात आली की दुकानदार स्वतःहून फोन करतात. घटते कशी?"

मालकांचं बरोबर होतं. मॉडेलने काढलेली विक्री आणि खरी विक्री पडद्यावर छान जुळत होती, आणि फसगत तिथेच होती. १५६ आठवड्यांत पेपर जेव्हा जेव्हा चालला, तेव्हा सोबत टीव्ही होताच. फक्त चार आठवडे अपवाद. दोन बैल कायम एकाच जुवाला असतील, तर गाडी कोणी किती ओढली हे गाडीकडे बघून सांगता येत नाही. मॉडेल एकाला भरमसाट श्रेय देतं आणि दुसऱ्याच्या नावावर उणे टाकतं. बेरीज बरोबर येते, वाटणी खोटी असते.

हे ओळखायची खूण सोपी आहे. दहा आठवडे वगळून मॉडेल पुन्हा चालवा. टीव्ही आणि पेपर यांचे आकडे जागा बदलून उड्या मारू लागले, तर ती वाटणी कुणालाही दाखवू नका. "दोघांचं मिळून इतकं" एवढंच सांगा. भारी सॉफ्टवेअरने हे सुटत नाही, कारण जे वेगळं घडलंच नाही, ते आकड्यांत नसतंच.

[दृश्य: सांगली आणि सातारा जिल्ह्यांचा नकाशा. महामार्गावर पेठ नाका, वर कऱ्हाड.]

मग ते वेगळं घडवावं लागतं. मराठी वाहिनी सगळ्या महाराष्ट्रात एकच दिसते. ती फक्त साताऱ्यात बंद ठेवता येत नाही. पेपर मात्र आवृत्तीप्रमाणे देता येतो, आणि मोबाइलवरची जाहिरात जिल्ह्याप्रमाणे. म्हणून टीव्ही बंद असलेले सहा आठवडे निवडले. साताऱ्यात पेपर चालू, सांगलीत बंद. पुढच्या सहा आठवड्यांत उलट. विक्री जिल्ह्यावार मांडली.

तरी पहिल्या खेपेला फरक धूसरच आला. कारण सापडलं ते लाइनवर जाणाऱ्या सेल्समनकडे. वाळवा तालुक्यातले कितीतरी दुकानदार माल कऱ्हाडच्या होलसेलवाल्याकडून उचलतात. पुडी खपते सांगली जिल्ह्यात, नोंद होते साताऱ्याची. कऱ्हाड आणि वाळवा दोन्ही तालुके हिशेबातून काढले, तेव्हा पेपर चालू असलेल्या बाजूची विक्री दोन्ही खेपांना वर दिसली. फार नाही, पण दोन्ही वेळा. तो आकडा मॉडेलला आधार म्हणून दिला, आणि पेपरापुढचं उणे गेलं.

डिजिटलचा प्रश्न अजून उरला आहे. टीव्ही पाहून लोक ब्रँडचं नाव मोबाइलवर शोधतात आणि तिथली जाहिरात दाबतात. त्या क्लिकमागे टीव्ही असतो, बिल सर्चचं येतं. म्हणून नावाच्या सर्चचा खर्च आता वेगळ्या रकान्यात ठेवला आहे, व्हिडिओचा वेगळा.

[दृश्य: भिंतीवर यंदाचं वेळापत्रक. मालक पेन्सिलने एक चौकोन खोडतात.]

यंदा टीव्ही नवरात्रात सुरू होईल आणि दसऱ्याला थांबेल. पेपर त्यानंतर दहा दिवसांनी, आधी साताऱ्यात. मधल्या दहा दिवसांत स्कीम लावायची नाही, असं सेल्सच्या माणसांना बजावलं आहे. त्यांना ते आवडलेलं नाही.