हूड निघतं, हूडपणा नाही: दोन भाषांची टॅगलाइन कशी जमते

नमस्कार मंडळी! कपड्यांच्या ब्रँडला ‘मराठी-इंग्रजी मिक्स’ टॅगलाइन हवी असली की बरेच जण काय करतात? मराठी वाक्यात एक ‘कूल’ कोंबतात. ‘आपला कूल अंदाज!’ ही खिचडीसुद्धा नाही, नुसती भेसळ. खरी गंमत एकाच उच्चारात दोन्ही भाषा सापडल्या की येते.

आज एकच माल घेऊ: हुडी. टोपीला इंग्रजीत हूड म्हणतात, आणि आपल्याकडे हूड म्हणजे व्रात्य, खोडकर कार्टं. आयतं घबाड!

पहिला खर्डा: ‘हूड पोरांची हुडी’. कानाला छान, पण इथे नुसता आवाज जुळलाय. कपड्याबद्दल ओळ काहीच सांगत नाही. हुडीच्या जागी चड्डी घातली तरी चालेल.

मग कपड्याकडेच बघायचं. समजा, या हुडीची टोपी चेनने वेगळी होते. टोपी काढता येते, स्वभाव थोडाच काढता येतो?

(पडद्यावर: हूड निघतं, हूडपणा नाही.)

आता ओळ मालाचं वैशिष्ट्यही सांगते आणि घालणाऱ्याचं वैशिष्ट्यही. मात्र टोपी शिवूनच पक्की केलेली असेल, तर ही ओळ वापरू नका. गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी ओढून बघेल!

इथे व्याकरणाची एक खोच आहे. शब्दाला प्रत्यय लावलात की खेळ बिघडू शकतो. ‘हूडला’ म्हटलं की फक्त टोपी आठवते, कार्टं गायब. म्हणून ‘हूड’ मोकळा ठेवला, आणि ‘पणा’ मुद्दाम जोडला, कारण तिथे स्वभावच दिसायला हवा.

कधी कोटी चपखल बसते आणि तरी सोडावी लागते. ‘बघताच फिट येईल!’ मापाला फिट, आणि बघणाऱ्यालाही फिट. दोन्ही अर्थ पक्के. पण फिट येणं हा कुणाच्या तरी घरातला आजार आहे, छातीवर मिरवायचा विनोद नाही. मी तरी ती छापणार नाही.

ओळ ठरली की ती न दाखवता कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने ‘म्हणजे?’ विचारलं, तर एक अर्थ पोचलेला नाही. हूड हा शब्द घरात ऐकलाच नसेल, तर त्याला फक्त टोपीच ऐकू येणार.

आणि छपाई. ही ओळ देवनागरीतच हवी. रोमन लिपीत हूड लिहिलंत की वाचणारा आधी टोपीच वाचतो. डिझायनर मंडळींना इंग्रजीच्या सवयीने अक्षरांत अंतर वाढवायची खोड असते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि ‘हूडपणा’ची चार सुटी अक्षरं लोंबकळतात. अंतर शून्यावर ठेवा, आणि ‘हू’चा दीर्घ ऊकार खालच्या ओळीत घुसत नाही ना, ते नमुन्याच्या कापडावर बघूनच पुढची छपाई सोडा.