मूळ संख्येची कसोटी: बहुपदीचे अवयव कुठे पडतात आणि कुठे पडत नाहीत

मित्रहो, आजच्या व्याख्यानासाठी मी एकच बहुपदी मध्यभागी ठेवणार आहे: x⁴ + 1. तिचे अवयव पडतात का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण अवयवांचे सहगुणक कोणत्या संख्यांमधून घ्यायचे हे ठरवल्याशिवाय प्रश्नच पुरा होत नाही.

या बाबतीत लाइब्निट्ससारख्या गणितज्ञाचीही गफलत झाली होती. परिमेय फलांचे संकलन करताना छेदातील बहुपदीचे एकघाती आणि द्विघाती वास्तव अवयव पाडावे लागतात, आणि १७०२ साली त्याने असे प्रतिपादन केले की x⁴ + a⁴ या बहुपदीचे असे अवयव पडत नाहीत. प्रत्यक्षात ते पडतात, आणि युक्ती शाळेतलीच आहे. a = 1 घेऊन पाहू. x⁴ + 1 मध्ये 2x² मिळवून वजा केले की (x² + 1)² − 2x² असे रूप येते. हा दोन वर्गांचा फरक आहे, फक्त दुसरा वर्ग √2·x चा आहे. म्हणून

x⁴ + 1 = (x² + √2x + 1)(x² − √2x + 1).

वास्तव संख्यांवर हे नेहमीच असे घडते. बीजगणिताच्या मूलभूत प्रमेयानुसार प्रत्येक वास्तव बहुपदीची सर्व मुळे संमिश्र संख्यांमध्ये सापडतात, आणि जी मुळे वास्तव नसतात ती संयुग्मी जोड्यांनी येतात. अशा प्रत्येक जोडीतून एक वास्तव द्विघाती अवयव तयार होतो. म्हणजे वास्तव संख्यांवर दोनपेक्षा मोठ्या कोटीची कोणतीही बहुपदी अविभाज्य राहूच शकत नाही. वास्तव संख्यांचा विषय इथे संपतो. खरी गुंतागुंत परिमेय संख्यांवर आहे.

परिमेय संख्यांवर √2 वापरता येत नाही. पण म्हणून x⁴ + 1 चे दुसरे एखादे विघटन नाहीच, असे लगेच म्हणता येणार नाही. तिला परिमेय मूळ नाही हे उघड आहे, कारण कोणत्याही वास्तव संख्येचा चतुर्थ घात ऋण नसतो. परंतु मूळ नसणे आणि अवयव नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. x⁴ + 4 लाही वास्तव मूळ नाही, तरीही ती (x² + 2x + 2)(x² − 2x + 2) अशी पूर्णांक सहगुणकांनीच फुटते. दोन किंवा तीन कोटीच्या बहुपदीसाठी परिमेय मुळे तपासली की पुरते, कारण तिथे विघटन झाले तर एक अवयव एकघाती असावाच लागतो. चौथ्या कोटीपासून हा आधार सुटतो, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त घसरण मला याच ठिकाणी दिसते.

पूर्णांक आणि परिमेय संख्या यांच्यात काय फरक पडतो, ते आता पाहू. 2x + 4 ही बहुपदी पूर्णांकांवर 2(x + 2) अशी फुटते, कारण पूर्णांकांमध्ये 2 ला व्यस्त नाही आणि म्हणून तो खराखुरा अवयव मानावा लागतो. परिमेय संख्यांवर 2 हा निव्वळ शून्येतर स्थिरांक आहे. तो बाहेर काढल्याने काहीही फुटत नाही. सहगुणकांचा मसावि 1 असेल तर मात्र हा फरक उरत नाही. गाउसने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या अंकगणितावरील ग्रंथात या वस्तुस्थितीचा पाया आहे: ज्यांच्या सहगुणकांचा मसावि 1 आहे अशा दोन बहुपदींच्या गुणाकाराच्या सहगुणकांचा मसावीही 1 च असतो. त्यामुळे पूर्णांक बहुपदीचे परिमेय सहगुणकांचे अवयव सापडले, तर छेद साफ करून त्याच कोटींचे पूर्णांक सहगुणकांचे अवयव मिळतात. 6x² + 5x + 1 ही 6(x + 1/2)(x + 1/3) आहे, आणि तो 6 दोन्ही कंसांत वाटून टाकला की (2x + 1)(3x + 1) मिळते. म्हणून परिमेय संख्यांवर अविभाज्यता सिद्ध करायची असली, तरी पूर्णांक सहगुणकांचे, कमी कोटीचे अवयव नाहीत एवढे दाखवले की काम भागते. पूर्णांकांवर काम करण्याचा मोठा फायदा असा की तिथे मूळ संख्या हाताशी असतात.

त्यांच्या आधारे उभा असलेला निकष आज आयझेनस्टाइनच्या नावाने ओळखला जातो. त्याने तो १८५० साली क्रेलेच्या नियतकालिकात मांडला. थिओडोर शोनेमान याने मात्र तिथेच १८४६ साली तो आधीच सिद्ध केला होता, तेव्हा नावाच्या वाटणीत शोनेमानवर थोडा अन्यायच झाला आहे. निकष असा: पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदीसाठी जर अशी एखादी मूळ संख्या p सापडली की सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाला p ने भाग जात नाही, बाकीच्या सर्व सहगुणकांना जातो, आणि स्थिर पदाला p² ने भाग जात नाही, तर ती बहुपदी परिमेय संख्यांवर अविभाज्य असते.

x⁴ + 1 ला हा निकष जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण स्थिर पद 1 आहे आणि कोणतीही मूळ संख्या 1 ला भागत नाही. पण x च्या जागी x + 1 घातले तर अविभाज्यतेत काही फरक पडत नाही. एकीचे अवयव पडले तर दुसरीचेही पडतील. विस्तार केला की

(x + 1)⁴ + 1 = x⁴ + 4x³ + 6x² + 4x + 2

मिळते. p = 2 घ्या. 4, 6, 4, 2 या सर्वांना दोनने भाग जातो, पहिल्या सहगुणकाला जात नाही, आणि शेवटच्या 2 ला चारने भाग जात नाही. निकष पूर्ण झाला.

हे का चालते, ते याच बहुपदीवर जवळून पाहू, कारण सर्वसाधारण सिद्धतेत याहून वेगळे काही नाही. समजा ती बहुपदी कमी कोटीच्या g आणि h या दोन पूर्णांक बहुपदींचा गुणाकार आहे. g चे सहगुणक स्थिर पदापासून b₀, b₁, b₂… आणि h चे c₀, c₁, c₂… मानू. b₀c₀ = 2 असल्यामुळे या दोघांपैकी नेमका एकच सम आहे; दोन्ही सम असते तर गुणाकाराला चारने भाग गेला असता. सम असलेला b₀ आहे असे धरू, म्हणजे c₀ विषम आहे. आता x चा सहगुणक बघा: b₁c₀ + b₀c₁ = 4. दुसरे पद सम आहे, बेरीज सम आहे, म्हणून b₁c₀ सम आहे. आणि c₀ विषम असल्यामुळे b₁ सम असलाच पाहिजे. x² च्या सहगुणकाकडे गेलो की याच युक्तिवादाने b₂ सम ठरतो, आणि x³ कडे गेलो की b₃ ही. g ची कोटी चारपेक्षा कमी असल्यामुळे तिचा शेवटचा सहगुणकही या माळेत सापडतो आणि सम ठरतो. पण g आणि h च्या शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार 1 आहे, आणि सम संख्येचा पूर्णांकाशी गुणाकार 1 होत नाही. विसंगती आली.

स्थिर पदावरची p² ची अट वगळली तर या सिद्धतेची पहिलीच पायरी निखळते, आणि निष्कर्षही चुकतो: x² − 4 मध्ये दोनची बाकी सर्व लक्षणे आहेत, पण ती (x − 2)(x + 2) आहे.

निकष परिमेय संख्यांवरची अविभाज्यता देतो, पूर्णांकांवरची नव्हे, हेही विसरता कामा नये. 3x² + 6 घ्या. p = 2 साठी सर्व अटी पूर्ण होतात आणि परिमेय संख्यांवर ती खरोखरच अविभाज्य आहे; परंतु पूर्णांकांवर ती 3(x² + 2) अशी फुटते. सहगुणकांचा मसावि 1 आहे की नाही, हे वेगळे तपासावेच लागते.

आता या कसोटीच्या मर्यादेकडे वळतो. एक प्रश्न नेहमी विचारला जातो: x च्या जागी x + a घालून, योग्य a निवडून, प्रत्येक अविभाज्य बहुपदीला हा निकष लावता येईल का? उत्तर नाही असे आहे. x³ + x + 1 मध्ये x + a घातले तर x³ + 3ax² + (3a² + 1)x + (a³ + a + 1) मिळते. एखाद्या p ने 3a ला भाग गेला तर 3a² लाही जाईल, आणि 3a² + 1 लाही जायलाच हवा असल्यामुळे p ने 1 ला भाग जावा लागेल. म्हणजे a कोणताही घ्या, p कोणतीही घ्या, निकष बसणार नाही. तरीही ही बहुपदी अविभाज्य आहे, आणि तेही दोन ओळींत दिसते: विघटन झाले तर पूर्णांक मूळ असावे लागेल, कारण पहिला सहगुणक 1 आहे, परंतु कोणत्याही पूर्णांक n साठी n³ + n सम असते, म्हणून n³ + n + 1 विषम असते, आणि विषम संख्या शून्य होऊ शकत नाही.

इथे आपण दोनने भागून उरणाऱ्या बाक्यांवरून निर्णय घेतला. हा मार्ग सोपा आहे आणि बहुधा आधी तोच वापरून पाहावा, पण तोही सर्वत्र चालत नाही. x⁴ + 1 च पाहा. बाक्यांच्या अंकगणितात पाचसाठी ती (x² + 2)(x² − 2) होते, आणि सातसाठी (x² + 3x + 1)(x² − 3x + 1). हा योगायोग नाही. कोणत्याही विषम p साठी −1, 2 आणि −2 यांपैकी निदान एक संख्या p च्या बाक्यांत वर्ग असते, आणि त्यानुसार x⁴ + 1 ला x⁴ − (−1), (x² + 1)² − 2x² किंवा (x² − 1)² − (−2)x² असे लिहून वर्गांच्या फरकाने फोडता येते. p = 2 साठी तर ती (x + 1)⁴ आहे. सगळ्या मूळ संख्यांवर फुटणारी ही बहुपदी परिमेय संख्यांवर अभंग राहते.

शेवटी x² + 4. तिच्यात x + a घातले की x² + 2ax + (a² + 4) मिळते. विषम p ने 2a ला भाग गेला तर a लाही जाईल आणि मग 4 लाही जावा लागेल, जे अशक्य आहे. p = 2 साठी a विषम असेल तर स्थिर पद विषम होते, आणि a सम असेल तर त्याला चारने भाग जातो. सरकवण्याने काहीच साधत नाही. पण आधी x = 2y घातले की ती 4(y² + 1) होते, आणि मग y च्या जागी y + 1 घालून कंसातील बहुपदी y² + 2y + 2 होते, जिला p = 2 ने निकष लागतो. मधला तो 4 पूर्णांकांवर अवयव म्हणून मोजावा लागला असता. परिमेय संख्यांवर तो सोडून देता येतो, म्हणूनच हे पाऊल टाकण्याची मुभा आपल्याला मिळते. मूळच्या x² + 4 मध्ये सहगुणकांचा मसावि 1 असल्यामुळे हा निष्कर्ष पुन्हा पूर्णांकांवरही जसाच्या तसा लागू होतो.