लेबल नसलेले दोन कॅन

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. वाईत आमच्या ओळखीच्या एक वहिनी घरच्या घरी स्ट्रॉबेरीचं सिरप करतात. हंगामात महाबळेश्वर-पाचगणीकडून फळ येतं, त्याचा गर काढून ठेवतात आणि मागणी येईल तसा साखरेचा पाक करून त्यात मिसळतात. त्यांची मुलगी त्याच घरात ग्लिसरीनचे साबण करते. दोघींचं सामान पडवीच्या एकाच कोपऱ्यात असायचं. एका रात्री पावसाची झड आत आली, कॅनवर चिकटवलेले कागद भिजून गळाले आणि सकाळी पाच-पाच लिटरचे दोन सारखेच पांढरे कॅन समोर उरले. एकात गाळून ठेवलेला पाक, दुसऱ्यात ग्लिसरीन. कोणतं कशात, ते कळेना. दोन्ही स्वच्छ, दोन्ही दाट, दोन्ही बोटाला चिकट. चवीनंही निकाल लागत नाही, कारण ग्लिसरीनही गोड असतं. शिवाय साबणासाठी आणलेली वस्तू जिभेवर ठेवायचीच नसते.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उभी नोकरी केली, हे वहिनींना माहीत होतं. त्यांनी मला फोन केला. मी पोचेपर्यंत त्यांनी एका मधपाळाकडून रिफ्रॅक्टोमीटर आणून तपासणी केलीही होती आणि निष्कर्षही काढला होता. तो निष्कर्ष नेमका उलटा होता. पण चूक अशी होती की कुणाचीही व्हावी, म्हणून ती नीट समजून घेऊ.

हातातला रिफ्रॅक्टोमीटर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तासगावकडे द्राक्ष काढणीला आलं का ते पाहायला तो वापरतात, उसाच्या फडातही वापरतात. वीतभर नळी असते, तिच्या टोकाला तिरकी काच आणि त्यावर झाकण. काचेवर दोन-तीन थेंब टाकायचे, बुडबुडा न अडकवता झाकण लावायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळा आणि पांढरा असे दोन भाग दिसतात. त्यांच्या मधली रेघ ज्या आकड्यावर असेल तो ब्रिक्स. १०० ग्रॅम पाकात ६५ ग्रॅम साखर विरघळलेली असेल तर रेघ ६५ वर येते.

पण या नळीला साखर कळत नाही. तिला कळतो फक्त प्रकाशाचा वाक. पाण्यात तिरकी ठेवलेली काठी मोडल्यासारखी दिसते, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो. किती वळतो त्याच्या मापाला अपवर्तनांक म्हणतात. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा अपवर्तनांक १.३३३. साखर विरघळत जाते तसा तो वाढतो आणि ६५ टक्क्यांच्या पाकाला १.४५३ होतो. नळी बनवणाऱ्यानं या अपवर्तनांकांच्या जागी साखरेचे टक्के छापलेले असतात. म्हणजे आत थेंब साखरेचा आहे, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. तो तसा नसेल, तरी नळी आकडा दाखवतेच.

वहिनींच्या एका कॅनमधला थेंब ६५ वर आला, दुसऱ्याचा ७४ वर. त्यांनी विचार केला की ७४ चा म्हणजे जास्त आटलेला पाक आणि ६५ चं ते ग्लिसरीन. विचार वरवर बरोबर वाटतो. मी मात्र ७४ ऐकल्यावर लगेच थबकलो. साध्या पाण्यात २० अंशांला साखर साधारण शेकडा ६७ पर्यंतच विरघळून राहते. कढत असताना ७४ चा पाक होतो, पण गार झाल्यावर दिवसेंदिवस तसाच ठेवला तर तळाशी खडे धरायला लागतो. लिंबू घालून उकळला असेल, तर साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि मग तो टिकू शकतो. वहिनी लिंबू घालत नाहीत. कॅन हलवला, आत एक कणही नव्हता.

संशय आला, पण संशयावर सोडायचं नव्हतं. मी त्यांना स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि घट्ट झाकणाची एक लहान काचेची बाटली आणायला सांगितलं. आता नीट ऐका, हे तुम्हालाही करता येईल. रिकामी बाटली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला. तिच्यात काठोकाठ पाणी भरलं, बाहेरून पुसली. १०४ ग्रॅम. पाणी ओतून बाटली आतून कोरडी केली, कारण राहिलेल्या थेंबांनी पाक पातळ होतो. मग ६५ दाखवणारं द्रव्य भरलं. दाट पदार्थात बुडबुडे अडकतात, म्हणून बाटली तिरपी धरून हळू ओतायचं आणि वर आलेला फेस जाईपर्यंत थांबायचं. १३७ ग्रॅम भरलं. १३७ भागिले १०४, म्हणजे पाण्याच्या १.३२ पट. ६५ टक्क्यांचा साखरेचा पाक पाण्याच्या १.३२ पटच जड असतो. इथे दोन्ही साक्षी जुळल्या.

बाटली धुऊन, वाळवून दुसऱ्या कॅनमधलं भरलं. तो खरंच साखरेचा ७४ चा पाक असता तर पाण्याच्या १.३७ पट, म्हणजे १४३ ग्रॅम भरायला हवा होता. भरलं १३१. पाण्याच्या १.२६ पट. इतक्या लहान बाटलीत १२ ग्रॅमचा फरक, तो काही काट्याची चूक नव्हे. तेवढ्या वजनाचा साखरेचा पाक केला तर नळीत तो ५५-५६ च दाखवेल. एकच द्रव्य प्रकाशाच्या हिशेबात ७४ आणि वजनाच्या हिशेबात ५५ कसं येईल? याचा अर्थ एवढाच, की ते साखरेचं नाहीच. शुद्ध ग्लिसरीनची घनता १.२६ आणि अपवर्तनांक १.४७ च्या थोडा वर. दोन्ही आकडे तिथेच बसले.

हा प्रकार मला नोकरीभर मोहवत आला आहे. द्रव्य किती जड आहे आणि ते प्रकाशाला किती वाकवतं, या दोन गोष्टी एकमेकींच्या सोबत चालतात, पण प्रत्येक पदार्थात निराळ्या प्रमाणात. घरी पाहायचं असेल तर १० ग्रॅम मीठ ९० ग्रॅम पाण्यात विरघळवा. नळी १२ च्या जवळ ब्रिक्स दाखवेल, आणि वजनावरून साखर मोजायला गेलात तर १७-१८ येतील. मिठात साखरेचा कणही नसतो. म्हणून एका आकड्यावर ओळख ठरवू नये. दोन आकडे घ्यावेत आणि ते एकाच पदार्थाकडे बोट दाखवतात का ते पाहावं.

आता ज्यांना सिरपच करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. बाजारात विकायच्या फळांच्या सिरपला किमान ६५ ब्रिक्स आणि क्रशला किमान ५५ लागतो, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. इथे बरेच जण एक हिशेब चुकतात. ६५ ब्रिक्स म्हणजे लिटरला ६५० ग्रॅम साखर, असं धरतात. ते ६५० ग्रॅम एका किलोत असतात. लिटरभर पाकाचं वजनच १ किलो ३१६ ग्रॅम असतं, त्यामुळे त्या लिटरात साखर साधारण ८५५ ग्रॅम असते. मापानं पाणी आणि किलोनं साखर घेणाऱ्याचा पाक अशानं पातळ राहतो, पातळ पाकाला आंबट वास येऊ लागतो आणि दोष बिचाऱ्या फळाला लागतो.

दुसरी चूक उष्णतेची. कढईतला गरम थेंब थेट काचेवर टाकला तर रेघ खाली दिसते, आणि थेंबातून वाफ जाते ती निराळीच. थेंब चमच्यात घेऊन झाकावा, हाताला गार लागेपर्यंत थांबावं. नळी २० अंशांसाठी बनवलेली असते. आपल्याकडे खोलीत २८ अंश असले, तर साध्या नळीत ६५ चा पाक साधारण अर्ध्या-पाऊण ब्रिक्सनं कमी दिसतो. आपोआप दुरुस्ती करणाऱ्या नळ्याही मिळतात, पण त्यांनाही गरम थेंब सोसत नाही.

आणि नळी खरं बोलते का, हे तपासायचं कसं? द्राक्षाची ३२ पर्यंतची नळी पाण्यावर शून्याला लावता येते. वहिनींनी आणलेली मधाची, ५८ ते ९० ची, तिच्यात पाण्याची रेघच दिसत नाही. तिच्यासाठी ६० ग्रॅम साखर ४० ग्रॅम पाण्यात झाकण लावून कोमट करत विरघळवा, गार करून पुन्हा वजन घ्या, वाफेनं गेलेलं पाणी घालून १०० ग्रॅम पुरे करा. नळीनं ६० दाखवायला हवेत. मधाच्या नळीत मधातल्या पाण्याच्या टक्क्यांचा वेगळा कॉलम असतो, तो सिरपसाठी वाचू नका. फळाचा गर मिसळल्यावर आकड्यात साखरेबरोबर फळाचं आम्लही येतं, आणि गराच्या चोथ्यानं रेघ धूसर होते. गाळून थेंब घ्यावा.

वाईच्या त्या पडवीत परत येतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मग हा ६५ चा कॅन सिरपला वापरू ना?" मी नको म्हणालो. दोन आकडे जुळले म्हणजे तो पाक असण्याची शक्यता मोठी. पण त्यात रात्री काही थोडंसं मिसळलं असेल, तर एका बाटलीच्या वजनातून आणि एका रेघेतून ते कळत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधासाठी वापरलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं आणि १४ माणसं दगावली. तेही दाट, रंगहीन आणि गोडसर असतं. शुद्ध स्वरूपात ते घनतेनं लगेच वेगळं ओळखू येतं, कारण ते पाण्याच्या १.१२ पटच जड आहे. पण ग्लिसरीनमध्ये शेकडा एक-दोन इतकं मिसळलं, तर आपल्या काट्याला आणि नळीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे क्रोमॅटोग्राफी करणारी प्रयोगशाळाच लागते. आपल्या दोन आकड्यांनी "हे ते नाही" असं खात्रीनं म्हणता येतं, "हे तेच आहे, आणि निव्वळ तेच आहे" असं म्हणता येत नाही.

वहिनींनी ७४ चा कॅन मुलीकडे साबणाला दिला. पाकाचा कॅन बाजूला काढला आणि दुपारी नवा पाक चढवला. तो ६५.५ वर उतरला. कॅनवर त्यांनी पक्क्या शाईनं नाव, तारीख, ब्रिक्स आणि त्या बाटलीत भरलेलं वजन, असं चारही लिहिलं. कागद चिकटवला नाही. मुलीचं सामान आता पडवीत नाही, माळ्यावर आहे.