जुळ्यांची परेड आणि जानेवारीची मुलं

[दृश्य: परेड, वरून]
अमेरिकेत ओहायो राज्यातलं ट्विन्सबर्ग. दर ऑगस्टला इथे जुळ्यांचा मेळा भरतो. सारखे शर्ट, सारख्या टोप्या, चालही सारखीच. १९९१ साली या गर्दीत अर्थतज्ज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर आणि ॲलन क्रूगर यांची प्रश्नावली फिरली. मुख्य चौकशी दोनच गोष्टींची: शिकलात किती, कमावता किती?

जास्त शिकलेला जास्त कमावतो, हे कुठल्याही आकडेवारीत दिसतं. पण ती कमाई शिक्षणाचीच कशावरून? घरी पैसा आणि ओळखी असल्या, की मूल शिकतंही जास्त आणि नोकरीतही पुढे सरकतं. मग घराचं श्रेय शिक्षणाच्या खात्यात जमा होतं. हेच कन्फाउंडिंग.

[दृश्य: दोन बहिणी, जवळून]
आता या दोघी बघा. आईवडील तेच, घर तेच, जनुकंही तीच. समजा, एक बारावीला थांबली, दुसरी पदवीधर झाली. यांची तुलना जगाशी नकोच, एकमेकींशी करू. एकीच्या पगारातून दुसरीचा वजा केला, की दोघींत जे जे सारखं ते गळून पडतं. आपण ते कधी मोजलेलंही नसलं तरी. फिक्स्ड इफेक्ट्स म्हणजे मुळात ही वजाबाकी. एकाच माणसाची दोन वेगळी वर्षं घेतली, तरी हिशोब हाच.

मेख एकच. एक आधी का थांबली? लहानपणच्या आजारपणामुळे असेल, तर तो फरक वजाबाकीत जात नाही.

[दृश्य: उलटणारं कॅलेंडर]
आणि जुळी नसतील तर? त्याच वर्षी क्रूगर आणि जोशुआ अँग्रिस्ट यांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे हाताशी होती जन्मतारीख. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत सोळावा वाढदिवस झाला की शाळा सोडता येई. जानेवारीत जन्मलेलं मूल वर्गात वयानं मोठं. त्यामुळे सोळा वर्षं भरतात तेव्हा त्याची इयत्ता कमी झालेली असते. जन्माचा महिना कुणी मेहनतीनं कमावत नाही. तो शिक्षणाला किंचित धक्का देतो, आणि पगारापर्यंत फक्त शिक्षणाच्याच वाटेनं पोचतो, असं धरायचं. हे इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल.

१९३० ते १९३९ मध्ये जन्मलेल्या पुरुषांत पहिल्या तिमाहीतले इतरांपेक्षा सुमारे ०.११ वर्ष कमी शिकले आणि सुमारे १.१ टक्का कमी कमावत होते. १.१ ला ०.११ नं भागा. शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे जवळपास १० टक्के. पण हा आकडा त्यांच्यापुरता, ज्यांना कायद्यानंच शाळेत थांबवलं. कॉलेजला जाणारच होते, त्यांच्याबद्दल तो गप्प आहे.

[दृश्य: पाळणाघर, बाहेर बर्फ]
धक्का इतका नाजूक असला, की योगायोगही उत्तरासारखा दिसू लागतो. आणि पुढे आढळलं, की हिवाळ्यात बाळंत होणाऱ्या मातांमध्ये किशोरवयीन आणि कमी शिकलेल्या मातांचं प्रमाण थोडं जास्त असतं. म्हणजे घर पुन्हा हिशोबात शिरलं, या वेळी कॅलेंडरच्या दारानं.